मजुरी नेमकी कुठं अडली, हे न विचारता लिहिलेला अर्ज

"वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, आम्ही गावातील गरीब मजूर असून आम्ही केलेल्या कामाची मजुरी आम्हास अद्याप मिळालेली नाही, तरी ती त्वरित मिळावी ही नम्र विनंती." २०२३ च्या जून महिन्यात मी आमच्या टोळीच्या वतीनं पंचायत समितीला जो अर्ज दिला, त्याचा मुख्य मजकूर एवढाच होता. त्यापुढं पेरणी तोंडावर आल्याचं, दुकानदार उधार द्यायला तयार नसल्याचं आणि लेकरांच्या वह्या-पुस्तकांचं दीड पान लिहिलं होतं. शेवटी आठ दिवसांत मजुरी जमा न झाल्यास उपोषणाला बसू, असा इशारा. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण तो अर्ज हातात घेऊन कोणाला काही करता आलं नसतं, कारण कोणत्या कामाची, कोणत्या आठवड्याची, कोणत्या हजेरीपत्रकावरची मजुरी, हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. बारावीपर्यंत शिकलेला म्हणून टोळीनं लिहिण्याचं काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि माझ्या त्या कागदामुळं बावीस माणसांचे पेरणीआधीचे मोलाचे दिवस वाया गेले.

आमचं गाव शहागडपासून जवळ, गोदावरीच्या जालना बाजूला. पूल ओलांडला की पलीकडं बीड जिल्हा. दिवाळीनंतर इथली बरीच घरं ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्यानंतर पेरणीपर्यंतचे दोन-अडीच महिने हाताला काम नसतं, आणि नेमकं याच काळात बियाणं-खतासाठी रोख पैसा लागतो. त्या वर्षी रोजगार हमीतून ग्रामपंचायतीचं नाला खोलीकरणाचं काम निघालं आणि टोळीनं तीन आठवडे माती काढली. केंद्रानं त्या वर्षासाठी महाराष्ट्राचा दर २७३ रुपये ठरवला होता. पण आपल्याकडं मजुरी काढलेल्या मातीच्या मोजमापावर ठरते. जमीन मुरमाड लागल्यानं आमची मजुरी दिवसाला साधारण अडीचशेच्या घरात पडणार होती, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याचे माणशी १,५०० रुपये.

माझी पहिली चूक अर्ज लिहिण्याच्याही आधीची. पैसे तालुक्यात कोणाच्या तरी टेबलाच्या खणात पडलेत आणि तो माणूस ते दाबून बसलाय, हे मी गृहीतच धरलं होतं. हे कुठून आलं, याचा मी नंतर विचार केला. आमच्या घरात रोजगार हमी म्हणजे माझ्या आजीनं सांगितलेली रोजगार हमी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून पुढं ती राज्यभर गेली आणि १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा तिच्यावरच जगला. आजी सांगायची की कामावर कारकून यायचा, नावं पुकारायचा, अंगठा घेऊन हातावर पैसे ठेवायचा, आणि सुकडी मिळायची ती वेगळीच. त्या काळी पगार लांबला तर कारकून कुठं आहे ते शोधलं की निम्मं काम व्हायचं. आता २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणं तालुक्यात मजुरीची रोकड कोणाकडंच येत नाही. पैसा थेट केंद्राकडून खात्यावर पडतो, तालुक्यातून जातात ते फक्त आदेश. म्हणून गटविकास अधिकाऱ्यांना "आमचे पैसे द्या" असं लिहिण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या हातात जे होतं ते मी मागितलंच नव्हतं, आणि जे मागितलं ते त्यांच्या हातात नव्हतं.

हे मला समजावलं ते दुसऱ्या एका गावच्या ग्रामरोजगार सेवकानं, शहागडच्या झेरॉक्सच्या दुकानात. ते स्वतःची कागदं काढायला आले होते. मी अर्जाची प्रत दाखवली तेव्हा त्यांनी ती नीट वाचली आणि विचारलं, "मस्टर किती होते तुमचे?"

"तीन."

"मग तिन्हीचं एकच कसं लिहिलं? तीन मस्टर म्हंजे तीन येगळी बिलं. एक इथं आडकंल, दुसरं तिथं."

त्यांनी त्याच कागदाच्या मागं मजुरीचा रस्ता लिहून दिला. आठवडा संपला की हजेरीपत्रक, ज्याला सगळे मस्टरच म्हणतात, ते बंद होतं. मग तांत्रिक सहायक जागेवर टेप लावून मोजमाप घेतो आणि ते मोजमाप पुस्तिकेत चढवतो. ते चढल्याशिवाय मजुरीचा आकडा निघत नाही. आकडा निघाला की संगणकावर मजुरीची यादी तयार होते आणि तिच्यावरून पैसे सोडण्याचा आदेश, म्हणजे एफटीओ. त्या आदेशावर दोन डिजिटल सह्या लागतात, पहिली लेख्याच्या माणसाची आणि ग्रामपंचायतीच्या कामावर दुसरी गटविकास अधिकाऱ्यांची. तालुक्याचं काम इथं संपतं. पुढं आदेश केंद्राच्या प्रणालीत जातो, तिथून बँकेत, बँकेतून खात्यावर. कायदा म्हणतो की काम केल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळालीच पाहिजे. कारभारात त्याचे दोन भाग पाडलेत: दुसऱ्या सहीपर्यंतचे पहिले आठ दिवस राज्याच्या यंत्रणेचे, राहिलेले केंद्राचे आणि बँकेचे.

ते म्हणाले, "आधी पाहा कुठं थांबलंय. मग ज्याच्याकडं थांबलंय त्याच्या नावानं लिहा."

संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं ऑनलाइनच्या दुकानात बसलो. nrega.nic.in वर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं करत गेलं की जॉबकार्डांची यादी उघडते, आणि कार्डाच्या नंबरावर बोट ठेवलं की त्या कुटुंबानं कोणत्या तारखांना कोणत्या कामावर काम केलं, कोणता मस्टर नंबर, किती रक्कम, हे सगळं दिसतं. त्याला पासवर्ड लागत नाही, कोणीही पाहू शकतो. उपोषणाची धमकी लिहिण्याआधी अर्धा तास मी इथं बसलो असतो तर पुढचं बरंच टळलं असतं.

पडद्यावर तीन आठवड्यांच्या तीन गोष्टी दिसल्या. २० ते २६ एप्रिलच्या मस्टरचे पैसे गेले होते आणि बहुतेकांच्या खात्यावर जमाही झाले होते. आमच्यातल्या काहींना ते ठाऊकच नव्हतं, कारण बँकेचा मेसेज जुन्या मोबाइल नंबरावर जात होता आणि पासबुक महिनोन्‌महिने भरलेलं नव्हतं. मी मात्र अर्जात "एकही रुपया मिळाला नाही" असं ठासून लिहिलं होतं. २७ एप्रिल ते ३ मेच्या मस्टरचा आदेश दोन्ही सह्यांनिशी मेच्या दुसऱ्या आठवड्यातच पुढं गेला होता आणि केंद्राकडं थांबला होता. आणि ४ ते १० मेच्या मस्टरची रक्कमच दिसत नव्हती, हजेरी तेवढी होती. म्हणजे त्या आठवड्याचं मोजमाप चढलेलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याचं दुखणं सगळ्यांत घातक होतं आणि त्याला आमचाही हातभार होता. खोदताना मधेमधे मातीचे उंचवटे सोडायचे असतात, मूळ जमीन किती होती आणि खोली किती झाली हे त्यावरून कळतं. आठवडा संपल्यावर आम्ही ते काढून टाकले, कारण नाला नीटनेटका दिसावा असं वाटलं. मीच म्हणालो होतो, काढा म्हणून. मोजमापाला माणूस लगेच आला असता तर निभावलं असतं, पण तो आला उशिरा आणि मोजायला काही राहिलंच नव्हतं. जूनच्या पहिल्या पावसात नाल्यात पाणी साचलं असतं तर तो आठवडा कायमचा बुडाला असता. माझ्या अर्जात याबद्दल अवाक्षर नव्हतं. "मोजमाप तातडीनं व्हावं" एवढं एक वाक्य असतं, तरी तो कागद थेट तांत्रिक सहायकाकडं गेला असता.

आता जी चूक सांगायला मला सगळ्यांत जड जातं, ती. अर्जाखाली मी मजुरांची नावं लिहिली ती आठवणीवरून. टोळी माझ्या वस्तीचीच, रोजची माणसं, मस्टरची प्रत कशाला हवी, असं वाटलं. त्यात दोन बायांची नावं अशी गेली की त्या पहिल्या आठवड्यानंतर लग्नासाठी माहेरी गेल्या होत्या आणि पुढच्या दोन मस्टरवर नव्हत्याच. त्यांच्या नावापुढं सही त्यांच्या घरच्यांनी केली, आणि मी ती करू दिली. अर्ज तपासताना नावं जुळेनात. मग साहजिकच प्रश्न आला की, जे कामावर नव्हते ते मजुरी मागताहेत, तर बाकीच्यांचं काय धरायचं? ग्रामपंचायतीकडून खुलासा मागवला गेला आणि तो येईपर्यंत अर्ज बाजूला राहिला. त्या दिवसांत गावात बोभाटा झाला की फलाणीनं घरी बसून पगार लावला. त्या बायांनी काहीही मागितलं नव्हतं. त्यांना अर्जात आपलं नाव आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. मी दोघींच्या घरी जाऊन चूक माझी आहे असं सांगितलं आणि ग्रामसभेतही उभं राहून सांगितलं. एक जण म्हणाली, "तुम्ही शिकलेले म्हणून आमच्या माणसानं सही केली, भाऊ." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसरा अर्ज मी वेगळा लिहिला. खरं तर दोन अर्ज, कारण दोन मस्टरच्या दोन मागण्या होत्या. मोजमापाचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांना, आणि त्याची प्रत तहसीलदारांना, कारण आपल्या राज्यात कार्यक्रम अधिकारी तहसीलदार असतात आणि गटविकास अधिकारी सह कार्यक्रम अधिकारी. विषयात कामाचं नाव आणि मस्टर नंबर. मजकूर असा होता: "सदर मस्टर दि. १० मे २०२३ रोजी बंद झाले असून अद्याप मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली नाही, त्यामुळे मजुरीची यादी तयार झालेली नाही. तरी मजुरांच्या समक्ष मोजमाप घेऊन मजुरी अदा करण्याचा आदेश निघावा, आणि विलंबाची भरपाई नियमाप्रमाणे मिळावी. हा अर्ज तक्रार म्हणून नोंदवहीत घ्यावा." शेवटचं वाक्य त्या ग्रामरोजगार सेवकांनीच घालायला लावलं. रोजगार हमीच्या कायद्याप्रमाणं कार्यक्रम अधिकाऱ्यानं आलेली तक्रार नोंदवहीत चढवून सात दिवसांत तिचा निकाल लावायचा असतो. पण विनंती अर्ज कोणी तक्रार म्हणून चढवत नाही. पहिल्या वेळी मी नम्र विनंती लिहिली, म्हणून तो कागद टपालात विनंती म्हणूनच राहिला.

नावं यावेळी जॉबकार्ड नंबरसह, पडद्यावरच्या यादीवरून एकेक जुळवून लिहिली. आणि पोच घेतली. पहिल्या अर्जाची माझ्याकडं पोच नव्हती. आवक टेबलावर दिला, "ठेवा" म्हणाले, ठेवून आलो. नंतर तो कोणत्या तारखेला दिला हे सिद्ध करायला माझ्याकडं काही नव्हतं. दुसऱ्या वेळी झेरॉक्स प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही, चारही घेऊनच उठलो. क्रमांक नसेल तर नुसत्या शिक्क्यावरून पुढं काही विचारता येत नाही.

मोजमाप झालं. उंचवटे नसल्यानं काठाच्या न खोदलेल्या जमिनीवरून खोली धरावी लागली. थोडं कमी-जास्त होऊन मजुरी अडीचशेच्या आसपासच बसली. १५ जुलैला आदेशावर दुसरी सही झाली आणि पुढच्या काही दिवसांत पैसे पडले. पेरणी तोवर उरकली होती, बऱ्याच जणांनी ती शेकडा पाच रुपये महिन्याच्या व्याजानं केली.

मधल्या काळात आमच्या शेजारच्या मावशीचं वेगळंच चाललं होतं. पहिल्याच मस्टरचे पैसे सगळ्यांचे आले, तिचे परत गेले. पडद्यावर कारण लिहिलेलं होतं: Inactive Aadhaar. मी त्याचा सरळ अर्थ घेतला की तिचं आधारच बंद पडलंय. तिला घेऊन आधार केंद्रावर गेलो, रांगेत बसवली, बोटांचे ठसे पुन्हा द्यायला लावले. उन्हातान्हात, मजुरी बुडवून. काम करून करून बोटांच्या रेषा पुसलेल्या, ठसे उमटेनात, ती मलाच म्हणायला लागली, "माझ्या हातातच खोट हाय का रं लेका?"

खोट तिच्या हातात नव्हती आणि आधारातही नव्हती. आधारवरून पैसे पाठवताना बँकांच्या एका सामाईक नोंदीत, एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, तुमचा आधार नंबर कोणत्या बँकेशी जोडलाय हे पाहिलं जातं. तिथं जोडणी नसली की हा शेरा पडतो. आधार कार्ड ठणठणीत असतं. बँकेत खात्याला आधार दिलेलं असणं वेगळं आणि मॅपरमध्ये ते चढलेलं असणं वेगळं, हा फरक मला ठाऊक नव्हता. इलाज आधार केंद्रात नव्हताच, बँकेत संमतीचा फॉर्म भरून देणं एवढाच होता. तो भरला, काही दिवसांत जोडणी झाली, आणि मी पुन्हा चुकलो. आता पैसे आपोआप येतील म्हणून आम्ही वाट पाहत बसलो. परत गेलेली मजुरी आपोआप येत नसते. तिचा आदेश तालुक्यातून नव्यानं काढावा लागतो, आणि तो काढा असं कोणी सांगितलं नाही तर ती रक्कम तशीच पडून राहते. बँकेची जोडणी झाल्याचा कागद लावून मावशीच्या नावानं स्वतंत्र अर्ज दिला तेव्हा तिचे १,५०० रुपये आले. पहिल्या दिवशीच बँकेत गेलो असतो तर ती पेरणीला कोणाच्या दारात उभी राहिली नसती.

राहिली भरपाई. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणं मस्टर बंद झाल्यापासून सोळाव्या दिवसापुढं जेवढे दिवस मजुरी लांबेल, तेवढ्या दिवसांसाठी रोज ०.०५ टक्के भरपाई द्यायची असते. तिसऱ्या मस्टरचा हिशेब असा: बंद झालं १० मेला, सोळावा दिवस २६ मे, दुसरी सही १५ जुलैला, म्हणजे ५० दिवस. १,५०० रुपयांवर रोजचे ७५ पैसे, माणशी ३७ रुपये ५० पैसे. बावीस जणांचे मिळून ८२५. टोळीत लोक म्हणाले, एवढ्यासाठी कशाला भांडायचं. पहिल्या अर्जाच्या वेळी मीही तसंच समजून ती मागितली नव्हती. पण ही रक्कम राज्य सरकार आधी मजुराला देतं आणि मग ज्याच्यामुळं उशीर झाला त्याच्याकडून वसूल करतं. त्यासाठी उशीर कोणत्या टप्प्यावर झाला हे कोणाला तरी लेखी ठरवावं लागतं. सगळ्या रस्त्यात जबाबदारी नावानिशी कागदावर येते ती इथंच, म्हणून ती मागायची. तिसऱ्या मस्टरसाठी मी मागितली.

दुसऱ्या मस्टरसाठी मागितली नाही. तिथं आदेश मुदतीत निघाला होता, उशीर केंद्राकडं झाला होता, पैसे आले ३ जुलैला. पडद्यावर भरपाई शून्य दिसत होती, कारण संगणकाचा हिशेब दुसऱ्या सहीपाशी थांबतो. शून्य दिसलं, म्हणजे आपला हक्क नाही, असं मी समजलो आणि टोळीलाही तेच सांगितलं. पण सर्वोच्च न्यायालयानं स्वराज अभियानच्या खटल्यात १८ मे २०१८ रोजीच सांगून ठेवलं आहे की मजुराला पैसे हातात पडेपर्यंतच्या पूर्ण उशिराची भरपाई मिळाली पाहिजे, उशीर राज्याचा की केंद्राचा याच्याशी मजुराचा संबंध नाही. तो निकाल आमच्या कामाच्या पाच वर्षं आधीचा. त्याची माहिती मला पुढच्या वर्षी झाली. १९ मे ते ३ जुलै हे ४५ दिवस होतात, माणशी ३३ रुपये ७५ पैसे. त्या आठवड्याची भरपाई टोळीतल्या कोणालाच मिळाली नाही, आणि ती नाकारल्याचा एकही कागद नाही, कारण मी ती मागितलीच नव्हती.